प्रतिनिधीचा साधा कागद की पूर्ण आगाऊ निर्देश?

ताईंच्या मोबाइलमध्ये एक फोटो आहे. मान डावीकडे ताणून वळलेली, डोळे वर गेलेले, जबडा आवळलेला. उन्माद शांत करणाऱ्या हॅलोपेरिडॉलच्या इंजेक्शननंतर काही तासांनी भावानं काढलेला. प्रोमेथाझिनचं इंजेक्शन दिल्यावर मान सुटली, पण ती भीती काही गेली नाही. ताई चौतीस वर्षांच्या, नागपूरच्या महाल भागात शिलाईचं दुकान चालवतात, बायपोलर आजार आहे, दोनदा भरती झाल्या आहेत. मी मनोविकार विभागात समाजसेविका आहे. त्या माझ्यापुढे बसून म्हणाल्या, "मॅडम, पुन्हा बिघडली तर ते इंजेक्शन मले नको. कुठं लिहून देऊ सांगा."

लिहून द्यायच्या दोन जागा आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 (अंमल 29 मे 2018 पासून) दोन्हींना मान्यता देतो, आणि नातेवाईक बहुतेक वेळा दोन्ही एकच समजतात.

पहिली म्हणजे नामनिर्देशित प्रतिनिधी नेमण्याचा कागद. साध्या कागदावर नाव लिहून सही किंवा अंगठा. प्रतिनिधी सज्ञान हवा आणि त्यानं आपली तयारी लेखी कळवायला हवी. पंधरा मिनिटांचं काम. रुग्णाची निर्णयक्षमता गेली की डॉक्टर याच व्यक्तीशी बोलतात. निर्णयासाठी आधार लागणाऱ्या रुग्णाच्या भरतीसाठी अर्जही तीच करते.

दुसरी म्हणजे आगाऊ निर्देश, ज्याला ओपीडीत सगळे अॅडव्हान्स डायरेक्टिव्हच म्हणतात. यात तीन गोष्टी येतात: उपचार कसे हवेत, कसे नकोत, आणि प्रतिनिधी म्हणून कोण, तेही पसंतीच्या क्रमानं. हा ठरलेल्या नमुन्यात लिहायचा, दोन सज्ञान साक्षीदारांसमोर सही करायची आणि याच कायद्याखालच्या पुनर्विलोकन मंडळाकडे नोंदवायचा.

खरा फरक मात्र सह्यांच्या संख्येत नाही. नुसता प्रतिनिधी नेमला तर त्यानं रुग्णाच्या आधीच्या इच्छा विचारात घेणं बंधनकारक आहे, पण त्या इच्छा कुठं लिहिलेल्याच नसतात. रात्री दोन वाजता वॉर्डबाहेर घाबरून उभा असलेला माणूस "डॉक्टर म्हणतील ते करा" एवढंच म्हणतो. निर्देश लिहिलेला असेल तर डॉक्टरांना तो पाळावा लागतो. पाळायचा नसेल, मग ते डॉक्टर असोत, नातेवाईक असोत की काळजीवाहक, तर मंडळाकडे अर्ज करावा लागतो. तो कागद स्वखुशीनं, पुरेशी माहिती घेऊन, शुद्धीत लिहिला होता का आणि आजच्या परिस्थितीसाठीच लिहिला होता का, हे मंडळ बघतं. म्हणून मी लिहिण्याच्या दिवशीच डॉक्टरांकडून क्षमतेची नोंद केस पेपरवर करून घेते. पुढं शंका निघाली तर तीच नोंद कामी येते.

ताईंचं पहिलं वाक्य होतं: "मला हॅलोपेरिडॉल आणि शॉक देऊ नये." मी ते तसं उतरवलं नाही. नुसता नकार वाचून ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरला पुढं काय करायचं ते कळत नाही. आम्ही तीन भेटींत ते वाक्य उलगडत नेलं. शेवटी कागदावर आलं ते असं:

"हॅलोपेरिडॉलच्या इंजेक्शननं माझी मान व जबडा आवळला होता. ते शक्यतो देऊ नये. ओलान्झापिननं मला दोन्ही वेळा झोप लागली, आधी ते द्यावं. त्यानं भागलं नाही आणि हॅलोपेरिडॉलच द्यावं लागलं, तर सोबत प्रोमेथाझिन द्यावं. वॅलप्रोएट नको, ते गर्भाला घातक असतं आणि मला मूल हवं आहे."

शॉकबद्दल त्यांनी सिनेमात पाहिलेलं तेवढंच डोक्यात होतं. भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय विजेचे उपचार देण्यास कायद्यानं बंदी आहे, हे डॉक्टरांनी नीट समजावलं. तरी त्या म्हणाल्या, नको. मात्र खाणंपिणं पूर्ण सुटलं तर प्रतिनिधीला विचारून चालेल. ही अट त्यांचीच, मी सुचवलेली नाही. रुग्णाच्या तोंडी आपली वाक्यं घातली की मंडळापुढं पहिला घाव "स्वखुशी"वरच बसतो.

एक मर्यादा त्यांना स्पष्ट सांगितली. जीवाला किंवा इतरांना तातडीचा धोका असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर 72 तासांपर्यंत आपत्कालीन उपचार देऊ शकतो, आणि त्या काळात निर्देश बंधनकारक नसतो. (विजेचे उपचार मात्र आपत्कालीन म्हणून देता येत नाहीत.) ताईंना ते इंजेक्शन मिळालं होतं नेमकं अशाच वेळी! म्हणून औषधाच्या त्रासाची ओळ आम्ही पसंतीच्या रकान्यात लिहिलीच, शिवाय केस पेपरच्या पहिल्या पानावर लाल शाईनं वेगळी लिहून घेतली. तिथं ती वैद्यकीय माहिती ठरते, आणि घाईतला डॉक्टरसुद्धा ती वाचतो.

प्रतिनिधी निवडताना सगळ्यात जास्त वेळ गेला. आई अडुसष्टच्या, घाबरल्या की पुढ्यात येईल त्या कागदावर सही करतात. भाऊ समजूतदार, पण पुण्यात. मानेवाड्याची मावसबहीण ताईंची झोप कमी होताच आजार उलटतोय हे ओळखते: सलग तीन रात्री चार तासांपेक्षा कमी झोप आणि दुकानात उधारीवर कापडाचे गठ्ठे, की ती फोन करते. ताईंनी पहिलं नाव तिचं, दुसरं भावाचं दिलं. आईंना वाईट वाटलं. "मी काय परकी आहे का?" असं त्या दोनदा म्हणाल्या. ताईंनी त्यांना जवळ बसवून सांगितलं की वॉर्डात माझ्याजवळ तूच राहा, सह्या तिला करू दे. हे बोलणं घरी नाही, माझ्यासमोर झालं, आणि ते तसंच व्हायला हवं. नाव डावललेला नातेवाईक पुढं मंडळाकडे अर्ज घेऊन जाऊ शकतो.

आता निवड. आजाराचा पहिलाच झटका असेल, औषधांचा फार अनुभव नसेल आणि घरात विश्वासाचं माणूस असेल, तर मी आधी साधा कागद करायला सांगते, आजच. पसंती लिहायला अनुभव लागतो, ऐकीव भीतीवर लिहिलेला निर्देश टिकत नाही. दोन-तीनदा भरती झाली असेल, एखाद्या औषधाचा ठोस त्रास झाला असेल किंवा घरच्यांत मतभेद असतील, तर पूर्ण निर्देशच करावा. दोन्ही करणार असाल तर नावं वेगवेगळी पडू देऊ नका.

कोणताही कागद केला तरी प्रत डॉक्टरांच्या हाती पोचवण्याची जबाबदारी रुग्णाची आणि प्रतिनिधीची. प्रत मिळालीच नाही तर न पाळल्याबद्दल डॉक्टर दोषी ठरत नाहीत. ताईंची एक प्रत केस पेपरला आहे, एक बहिणीकडे, आणि कागदाचा फोटो तिघांच्या व्हॉट्सअॅपवर. त्यांचं भरतीचं ठिकाण ठरलेलं नाही. कधी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, कधी प्रादेशिक मनोरुग्णालय, कधी खासगी. त्यामुळे बहिणीच्या मोबाइलमधला फोटोच बहुधा आधी पोचेल.

क्षमता असेपर्यंत रुग्णाचं तोंडचं म्हणणं जुन्या कागदापेक्षा वरचढ असतं, आणि निर्देश केव्हाही बदलता किंवा रद्द करता येतो. पण बदलही मूळ निर्देशासारखाच करावा लागतो: पुन्हा नमुना, पुन्हा दोन साक्षीदार. पेननं खाडाखोड चालत नाही. आम्ही बघायच्या वेळा ठरवल्या आहेत: दर झटक्यातून सावरल्यावर महिनाभरानं, औषध बदलल्यावर, आणि प्रतिनिधी गाव सोडून गेल्यावर. मागच्या महिन्यात ताईंचं लग्न ठरलं. होणाऱ्या नवऱ्याला आजार माहीत आहे. नाव बदलायचं का, असं मी विचारलं. "आधी वर्षभर पाहू द्या मॅडम, मग त्याचं तिसरं नाव टाकू," त्या म्हणाल्या. केस पेपरवर पुढच्या वर्षीची तारीख घातली आहे.