पाचशे रुपयांची आरडी की इंडेक्स फंडाची एसआयपी?

महिन्याला पाचशे रुपये बाजूला पडत असतील, तर घरचे पोस्टाची आरडी सुचवतात आणि मित्र निफ्टी 50 इंडेक्स फंडाची एसआयपी, म्हणजे निफ्टीतल्या पन्नास मोठ्या कंपन्यांच्या शेअरांत पैसे लावणाऱ्या फंडात दरमहा ठरलेली खरेदी. कॉलेजात असताना मी दोन्ही करून पाहिलं. व्याजदर आणि परताव्याचे तक्ते सगळीकडे सापडतात. माझा निर्णय मात्र हप्त्याच्या तारखेवरून ठरला.

आरडीचा हिशोब सरळ आहे. पोस्टात पाच वर्षं दरमहा 500 भरले की तुमचे 30,000 जातात आणि 6.7 टक्के दराने साधारण 35,680 हातात येतात. खातं उघडताना असलेला दर शेवटपर्यंत राहतो. हप्ता चुकला तर दर शंभरामागे महिन्याला एक रुपया, म्हणजे पाचशेला पाच रुपये दंड. हे मला फार माणुसकीचं वाटतं. अडचण आहे ती पैसे अडकण्याची. तीन वर्षांआधी खातं मोडता येत नाही आणि त्यानंतर मुदतीआधी मोडलं तर व्याज बचत खात्याच्या दराने मिळतं. वर्षभर हप्ते भरल्यावर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, पण सेमिस्टरची फी तोंडावर आली की तेवढ्याने भागतंच असं नाही.

इंडेक्स फंडात तसं कुलूप नसतं. विकायला टाकलं की दोन-तीन कामकाजाच्या दिवसांत पैसे खात्यात येतात. घोळ झाला तो ऑटो-डेबिटचा. आमच्या घरून पैसे यायचे ते सोयाबीन विकलं गेलं की, नाहीतर दूध डेअरीचं बिल निघालं की. एसआयपीची तारीख होती 5. पाच तारखेला पहाटेच बँक खात्यात हात घालते, त्यामुळे रक्कम आदल्या रात्रीच असावी लागते. एका महिन्यात घरचे पैसे सहा तारखेला आले. फंडाने काहीच दंड लावला नाही, पण माझ्या बँकेने मँडेट, म्हणजे दरमहा आपोआप पैसे कापण्याची दिलेली परवानगी, परत गेल्याचे 250 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी असे 295 रुपये कापले. पाचशे रुपयांवर वर्षाला 12 टक्के मिळाले, तरी साठ रुपये होतात. म्हणजे जवळजवळ पाच वर्षांची कमाई एका सकाळी गेली. शिवाय मासिक एसआयपीचे लागोपाठ तीन हप्ते परत गेले की ती रद्द होते. हा दंड प्रत्येक बँकेचा वेगळा असतो, त्यामुळे मँडेटवर सही करण्याआधी आपल्या बँकेच्या शुल्कपत्रकात ‘ACH return’ किंवा ‘NACH return’ ही ओळ शोधा.

तेव्हापासून मी फंड तोच ठेवला, एसआयपी मात्र बंद केली. घरून पैसे आले की त्याच दिवशी, मेसचं बिल भरण्याच्याही आधी, यूपीआयने हाताने खरेदी. बऱ्याच इंडेक्स फंडांत शंभर ते पाचशे रुपयांपासून हे चालतं. पैसे कमी आले त्या महिन्यात दोनशेच घ्यायचे, आलेच नाहीत तर काहीच नाही, आणि दंडही नाही. पैसे स्वतःच्या नावाच्या, फंडात नोंदवलेल्या खात्यातूनच जायला हवेत. वडिलांच्या यूपीआयवरून भरले तर व्यवहार नाकारला जातो.

या पद्धतीची एक कमजोरी आहे. खरेदी हातात आली की ‘बाजार अजून पडेल, मग घेऊ’ असं मनात येतं आणि महिना तसाच जातो. म्हणून मी एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटचा भाव, खरेदीआधी बघतच नाही. तारीख, रक्कम आणि मिळालेले युनिट एवढंच वहीत लिहितो. मला वाटतं, या वयात लावून घ्यावी अशी सवय हीच. पैसा आला त्या दिवशी आधी बाजूला काढायचा, रक्कम कितीही असो.

पडझड सोसवेल का, हेही आधीच स्वतःला विचारावं. 2020 मध्ये जानेवारी ते 23 मार्च या काळात निफ्टी 12,300 च्या वरून 7,610 वर आला. तुमचे 6,000 तेव्हा 3,700 च्या आसपास दिसले असते. नोव्हेंबरपर्यंत निर्देशांक पुन्हा जुन्या पातळीवर आला, पण मधल्या काळात फी भरायला विकावं लागलं असतं तर तोटा पक्का झाला असता.

म्हणून ज्या पैशाची गरज वर्ष-दोन वर्षांत नक्की आहे, तो फंडात घालू नये. पोस्टाच्या पाच वर्षांच्या आरडीतही नको. त्यासाठी बँकेची वर्षभराची आरडी पुरते. उरलेल्यासाठी, घरून ठरलेल्या तारखेला पैसे येत असतील तर एसआयपी खुशाल लावा, फक्त तारीख चार-पाच दिवस पुढची घ्या. माझ्यासारखं बेभरवशाचं असेल तर हाताने घेतलेलं बरं, निदान पहिला पगार सुरू होईपर्यंत.