केबिन क्रू डिप्लोमा: 1 लाख 10 हजार रुपये आणि न उघडणारं दार

पुण्यातल्या एका खासगी अकॅडमीत मी अकरा महिन्यांचा केबिन क्रू आणि ग्राउंड स्टाफ डिप्लोमा केला. फी 1 लाख 10 हजार, तीन हप्त्यांत. आता आठ महिने मी विमानतळावर चेक-इन काउंटरला आहे, म्हणून आज लिहायला बसले. नाव लिहीत नाही, कारण तिसऱ्या हप्त्याच्या परताव्याचा वाद अजून मिटलेला नाही.

आधी दाराबद्दल. माहितीपत्रकात मॉक केबिनचा पानभर फोटो होता आणि तो बघूनच आईने पहिला हप्ता भरला. प्रत्यक्षात सीट खऱ्या, ट्रॉलीही खरी, पण दार प्लायवूडचं आणि भिंतीला कायमचं ठोकलेलं. त्यासमोर उभं राहून आम्ही नुसतं "दार उघडलं" म्हणायचो. मला याचा भयंकर राग यायचा. आणीबाणीत प्रवाशांना बाहेर काढणं हेच केबिन क्रूचं खरं काम, आणि ते दारापाशीच होतं. एअरबस ए320 मध्ये दाराचा लिव्हर आर्म्ड, म्हणजे सज्ज, असताना दार उघडलं की प्रवाशांनी खाली उतरायची घसरगुंडी, म्हणजे स्लाइड, आपोआप फुगते. ही गोष्ट फळ्यावर चित्र काढून कशी शिकणार?

सहाव्या महिन्यात माझं मत बदललं. वर्गातली एक मैत्रीण विमान कंपनीत निवडली गेली आणि तिथे तिला सगळं पहिल्यापासून शिकवलं. तेव्हा कळलं की दार प्रत्येक विमानाचं वेगळं असतं. बोइंग 737 मध्ये स्लाइडची दांडी जमिनीवरच्या खाचांत हाताने अडकवावी लागते. एटीआर हे छोटं विमान जमिनीपासून इतकं कमी उंच, की त्याला स्लाइडच नसते. म्हणजे आमच्याकडे खरं दार असतं तरी कंपनीने ते प्रशिक्षण माफ केलं नसतं. आपल्याकडे विमान वाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी संस्था डीजीसीए केबिन क्रूला पायलटसारखं लायसन्स देत नाही. निवड झाल्यावर कंपनीच तिच्या विमानांवरचं सुरक्षा प्रशिक्षण देते, आणि ते डीजीसीएच्या नियमांनुसार चालतं. त्यामुळे "आमच्या डिप्लोमावर थेट विमानात" असं कुणी सांगितलं तर तिथून उठावं. तरीही दाराचा राग गेलेला नाही, कारण फोटो दाखवून पैसे घेतले होते.

उपयोगी पडलं ते वेगळंच. ग्राउंड हँडलिंगमधून निवृत्त झालेले एक सर दोन दिवस डेंजरस गुड्स, म्हणजे विमानात धोकादायक ठरणाऱ्या सामानाचे नियम, शिकवायला आले. पॉवर बँकेवरचे एमएएच घ्यायचे, 3.7 व्होल्टने गुणायचे आणि हजाराने भागायचे. 20,000 ची पॉवर बँक म्हणजे 74 वॉट-अवर. 100 पर्यंत केबिन बॅगेत चालते, 100 ते 160 ला विमान कंपनीची परवानगी लागते, आणि चेक-इन बॅगेत कुठलीच चालत नाही. मुलाखतीत हाच प्रश्न आला. आजही काउंटरवर हे गणित मी दिवसातून चार वेळा करते.

पण त्या दोन दिवसांचं सर्टिफिकेट मात्र वाया गेलं. माहितीपत्रकात आयाटाचा, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, उल्लेख होता, कागदावर सही फक्त अकॅडमीच्या संचालकांची. आयाटाचं हवं असेल तर परीक्षेची नोंदणी तुमच्या नावाने आयाटाकडे व्हावी लागते, आणि तिची अधिकृत केंद्रं तिच्याच वेबसाइटवर शोधता येतात. मी ते पाच मिनिटांचं काम फी भरण्याआधी केलं नाही, तुम्ही करा. शिवाय डेंजरस गुड्सचं प्रशिक्षण 24 महिन्यांनी पुन्हा घ्यावं लागतं आणि नोकरी देणारी कंपनी स्वतःचं घेतेच. त्यासाठी वेगळे 8 हजार मागितले तर देऊ नका.

"विमानतळावर इंटर्नशिप" असं सांगितलं, तर पास कोणती कंपनी काढून देणार ते विचारा. विमानतळाच्या आत जायचा परवाना बीसीएएस या विमान सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या नियमांनी मिळतो. त्यासाठी कंपनीने अर्ज करावा लागतो आणि पोलीस पडताळणी होते. अकॅडमीच्या ओळखपत्रावर आम्ही प्रवेशद्वाराबाहेरच्या रस्त्यावर उभे राहून फोटो काढले, तीच आमची इंटर्नशिप.

प्लेसमेंटचं बोलायचं तर "100 टक्के असिस्टन्स"मधला दुसरा शब्द नीट वाचा. आमच्या बॅचला 32 जण होते. विमानतळावर लागले पाच, विमानात एक. बाकीच्यांना हॉटेलचं रिसेप्शन आणि मॉलमधलं काउंटर दाखवलं, आणि तेही प्लेसमेंटमध्येच मोजलं. म्हणून मागच्या बॅचमधल्या तिघांचे फोन नंबर मागा, आणि ते ऑफिसात बसून नाही, घरी येऊन लावा. मला नोकरी लागली ती ग्राउंड हँडलिंग कंपनीच्या वेबसाइटवरची जाहिरात वाचून, वॉक-इनला जाऊन. तिथे अर्जाचं शुल्क होतं, पण ते जाहिरातीतच छापलेलं होतं. अकॅडमीने आणलेल्या एका "एजन्सी"ने जॉइनिंगआधी 3,500 रोख मागितले होते. मी दिले नाहीत. दोघींनी दिले, त्यांना अजून फोन आलेला नाही.

घरून शिकण्यासारखं यात बरंच आहे, पण उद्घोषणेचा सराव मात्र अकॅडमीत चांगला झाला. मराठी, हिंदी, इंग्रजी, तिन्हीत रोज अर्धा तास. सांगलीहून आलेल्या माझ्यासारखीला तो लागलाच. त्याचे मी 15 हजार आनंदाने दिले असते.

तिसऱ्या हप्त्याचे 30 हजार परत मागितले, तेव्हा 12 हजारांवर मिटवायला सांगितलं. दुसरं पत्र मागच्या सोमवारी स्पीड पोस्टने गेलं. सोबत दोन फोटो जोडलेत, माहितीपत्रकातल्या केबिनचा आणि ठोकलेल्या दाराचा.