सबमिट केलेला फॉर्म ‘दुरुस्त करून’ देतो म्हणणाऱ्याने मला असं फसवलं

एका प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज भरताना माझी जन्मतारीख चुकली. चूक छोटी होती, पण मी ती ज्या माणसाकडे दुरुस्त करायला दिली त्याने माझे पैसे घेतलेच, शिवाय अर्ज खरंच दुरुस्त करायची जी एक संधी होती तीही माझ्या हातून घालवली. सबमिट झाल्यावर चूक लक्षात आली की माणूस कसा सैरभैर होतो ते मी अनुभवलं आहे, म्हणून सगळं जसं घडलं तसं सांगते.

माझा जन्म 4 जुलैचा. मी रकान्यात 04/07 असं टाइप केलं. तो रकाना आधी महिना आणि मग दिवस अशा क्रमाने वाचणारा होता, त्यामुळे नोंद झाली 7 एप्रिल. माझा जन्म 13 तारखेला किंवा त्यानंतर असता, तर तेराव्या महिन्यावर फॉर्म अडला असता आणि चूक तिथेच दिसली असती. 1 ते 12 तारखांना मात्र दोन्ही वाचनं वैध ठरतात आणि फॉर्म निमूटपणे पुढे जातो. सबमिटच्या आधी सगळी माहिती एकदा दाखवली जाते, तिथेही मला आकड्यांत 04/07 च दिसलं. पोचपावतीच्या पीडीएफमध्ये महिना अक्षरांत छापलेला होता, तेव्हा कुठे लक्षात आलं. तोवर ‘एडिट’चं बटण गेलं होतं आणि अर्जाची स्थिती `Submitted` झाली होती.

मी घाबरून ‘सबमिटनंतर फॉर्ममध्ये दुरुस्ती’ असं शोधलं. सगळ्यात वर आलेल्या दुव्यावर पोर्टलसारखंच बोधचिन्ह आणि हेल्पलाइनचा नंबर होता. ती पैसे देऊन वर आणलेली जाहिरात होती, बाजूला बारीक अक्षरांत तसं लिहिलंही होतं. पत्ताही मी नीट वाचला नाही. समजा खरं पोर्टल `portal.example` आहे, तर `help.portal.example` त्याचंच असतं, पण `portal-correction.example` हे कुणीही विकत घेतलेलं वेगळंच नाव असू शकतं. पत्त्यातल्या `https://` नंतर येणाऱ्या पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधीचा भाग बघायचा असतो. मी फक्त ‘portal’ हा ओळखीचा शब्द पाहिला आणि नंबर लावला.

पलीकडचा माणूस शांतपणे, समजावून बोलत होता. “मॅडम, अशा चुका रोज येतात, सर्व्हरवरून बदलून देतो,” म्हणाला. अर्ज क्रमांक, ईमेल आणि चुकीची जन्मतारीख त्याने विचारून घेतली. दुरुस्ती शुल्क म्हणून रक्कम भरायला लावली. मग म्हणाला, “तुमच्या मोबाइलवर ओटीपी येईल, तो सांगा, म्हणजे फाइल अनलॉक होईल.” मी सांगितला. तासाभरात त्याने नवी पोचपावती पाठवली. तिच्यात 4 जुलै होतं. मी त्याचे मनापासून आभार मानले.

तो ओटीपी कसला होता ते मला फार उशिरा कळलं. संदेशात स्पष्ट लिहिलं होतं की हा ओटीपी संपर्काचा ईमेल आणि मोबाइल बदलण्यासाठी आहे. मी फक्त सहा आकडे वाचले, त्यापुढचं वाक्य वाचलंच नाही. अर्जातली माहिती बंद झाली तरी खात्याचा संपर्क तपशील पुष्कळ पोर्टलांवर बदलता येतो, कारण लोकांचे नंबर बदलतात. त्या माणसाने नेमकं तेच दार वापरलं. जन्मतारखेला त्याने हातही लावला नव्हता, तसं करणं त्याला शक्यच नव्हतं. अर्ज भरायची मुदत संपल्यावर पोर्टलने काही दिवसांसाठी दुरुस्तीची खिडकी उघडली, म्हणजे अर्जदाराला स्वतः लॉगिन करून ठरावीक रकाने बदलता येतात ती सोय. जन्मतारीख त्या रकान्यांत होती. खिडकी उघडल्याची सूचना गेली त्या माणसाच्या ईमेलवर. माझ्या मते मी निश्चिंत होते, कारण माझ्याकडे ‘दुरुस्त’ पावती होती.

ती पावती म्हणजे माझ्याच जुन्या पीडीएफवर केलेली खाडाखोड होती. नंतर नीट पाहिलं तेव्हा तारखेचा ठसा आजूबाजूच्या अक्षरांपेक्षा किंचित जाड होता. खाली छापलेली सबमिट केल्याची वेळ मिनिटापर्यंत जुनीच होती. आणि कोपऱ्यातला क्यूआर कोड स्कॅन केल्यावर त्यात 7 एप्रिलच निघालं, कारण कोडातली माहिती त्याला बदलता आली नव्हती. हे सगळं मी पहिल्याच दिवशी पाहू शकले असते. पण त्याहून सोपी तपासणी होती. कुणी पाठवलेली पीडीएफ उघडण्याऐवजी मी स्वतः पोर्टलवर लॉगिन करून पावती पुन्हा उतरवून घ्यायला हवी होती. पोर्टलमध्ये जे दिसतं तेच नोंदलेलं असतं.

मला कळलं ते प्रवेशपत्र घ्यायला गेले तेव्हा. पासवर्ड चालेना, म्हणून बदलायला गेले, तर दुवा कुठल्याशा अनोळखी ईमेलवर पाठवल्याचा संदेश आला. त्या दिवशी मी बँकेला कळवलं आणि पोलिसांच्या सायबर विभागात तक्रार दिली. त्याच्याशी झालेला चॅट, फोन नंबर, पैसे भरल्याचा व्यवहार क्रमांक आणि खोटी पीडीएफ, हे सगळं सोबत जोडलं. चॅट मी रागाने पुसून टाकणार होते, बहिणीने अडवलं म्हणून तो पुरावा राहिला. पैसे मी स्वतःच पाठवले होते, त्यामुळे ते परत मिळण्याबद्दल बँकेने कसलीच हमी दिली नाही.

अर्जाचं काम मात्र खऱ्या मदतकेंद्राकडेच गेलं. तिथला संपर्क मी शोधून नाही, तर अर्जासोबतच्या मूळ माहितीपत्रकातून घेतला. पत्र लहान ठेवलं: अर्ज क्रमांक, रकान्याचं नाव, काय नोंदलं गेलं, काय असायला हवं, आणि जन्मदाखल्याची प्रत. खात्याचा संपर्क माझ्या संमतीशिवाय बदलला गेला हे वेगळ्या परिच्छेदात, तक्रारीची पोच जोडून लिहिलं. त्यांनी ओळख तपासून माझा ईमेल आणि मोबाइल परत जोडला. जन्मतारखेबद्दल उत्तर आलं की खिडकी बंद झाल्यावर पोर्टलमध्ये बदल होत नाही, कागदपत्र पडताळणीच्या वेळी लेखी अर्ज आणि मूळ दाखला द्यावा, निर्णय पडताळणी समिती घेईल.

मी हे मुदत संपायच्या आधी विचारलं असतं तर आणखी एक वाट होती. या पोर्टलवर चुकीचा अर्ज मागे घेऊन मुदतीच्या आत नवा भरता येत होता, शुल्क पुन्हा भरावं लागलं असतं इतकंच. काही ठिकाणी एकाच व्यक्तीचे दोन अर्ज आले तर शेवटचा धरतात, काही ठिकाणी दोन्ही रद्द करतात, म्हणून माहितीपत्रकातला तो नियम वाचल्याशिवाय दुसरा अर्ज भरू नये. माझ्या हातात तेव्हा मुदतीचे 3 दिवस होते.

पडताळणीला मी दाखला, मदतकेंद्राचं उत्तर आणि पोलिसांची पोच घेऊन गेले. अधिकाऱ्यांनी तिन्ही प्रती ठेवून घेतल्या आणि माझ्या नावापुढे ‘जन्मतारीख विचाराधीन’ असं लिहिलं. समितीचा निर्णय अजून आलेला नाही.