दंड, सामुदायिक सेवा की बंधपत्र? कापसाच्या एका चोरीवरून

वणीकडच्या एका गावातली माय तिच्या तेवीस वर्षांच्या पोराला घेऊन तालुक्याच्या कोर्टात माझ्या टेबलाशी आली. रात्री शेतातून कापूस नेला, दुसऱ्या दिवशी पोरगा सापडला. तिचा प्रश्न सरळ होता. "वकीलसाहेब, दंड भरून देऊ न, झंझट मिटून जाते. की त्याले चौकात झाडू माराले लावतीन?"

दंडाचं गाव-खेड्यात असं वजन आहे. पैसे भरले की प्रकरण मिटलं, असं सगळे समजतात. पण दंड ही शिक्षाच आहे. पावती घेऊन माणूस बाहेर आला तरी तो दोषी ठरलेलाच असतो. हा पोरगा पोलीस भरतीसाठी रोज पहाटे पाच किलोमीटर धावत होता, त्यामुळे पैशापेक्षा मला त्या ठपक्याची काळजी होती.

आधी शिक्षा कोणत्या मिळू शकतात ते बघू. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात सामुदायिक सेवा ही शिक्षा पहिल्यांदा आली, जुन्या दंड संहितेत ती नव्हती. साध्या चोरीला कलम ३०३ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याच कलमात एक सवलत आहे. माल पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा सामुदायिक सेवेची होते. नेमका पाच हजारांचा माल असला तरी ही सवलत हुकते, कारण कायद्याला "पाच हजारांपेक्षा कमी" लागतं.

म्हणून या पोराच्या प्रकरणात पहिला प्रश्न कोणती शिक्षा बरी हा नव्हताच. कापूस किती होता, हा होता.

शेतमालकाने फिर्यादीत अंदाजाने नव्वद किलो लिहिलं. क्विंटलला सात हजार धरले तर सहा हजार तीनशे रुपये होतात. पोलिसांनी तेवढीच किंमत धरून गुन्हा नोंदवला. पण पोराच्या घरून दोन पोत्यांत जो कापूस जप्त झाला, त्याचं पंचनाम्यातलं वजन होतं अठ्ठावन्न किलो. म्हणजे चार हजार साठ रुपये. मधल्या बत्तीस किलोंचा पुरावा म्हणाल तर मालकाचा शब्द, आणि अंधारात कोणी वजन केलेलं नव्हतं.

फरक नुसता शिक्षेचाही नाही. पाच हजारांखालची चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. पोलिसांना दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तिचा तपास करता येत नाही. पाच हजार आणि त्यापुढची चोरी मात्र दखलपात्र आहे. आकडा फुगला की सगळं फुगतं. म्हणून "गुन्हा कबूल" म्हणण्याआधी आरोपपत्रातली किंमत आणि जप्ती पंचनाम्यातलं वजन समोरासमोर ठेवून बघावं. आमच्याकडे नेमकी हीच घाई होते. वीस हजारांपर्यंतची चोरी संक्षिप्त पद्धतीने चालते, कबुली एका बैठकीत होते, आणि दंडाधिकाऱ्यासमोर कबुली देऊन झालेल्या शिक्षेवर अपील फक्त शिक्षेच्या प्रमाणाबद्दल किंवा ती कायदेशीर आहे का एवढ्यापुरतंच उरतं. दोषी ठरलोच कसा, असं मग विचारता येत नाही.

आता मायच्या दंडाकडे येतो. समजा किंमत सहा हजार तीनशेच धरली गेली आणि कोर्टाने तीन हजार दंड लावला, न भरल्यास साठ दिवस कैद. हे साठ दिवस मूळ शिक्षा नसतात. दंड थकवल्याबद्दलची ती वेगळी कैद असते आणि ती कैदेच्या मूळ शिक्षेत मिसळत नाही, तिच्या शेवटी जोडली जाते. चोरीसारख्या, कैद आणि दंड दोन्ही होऊ शकणाऱ्या गुन्ह्यात अशी कैद जास्तीत जास्त कैदेच्या चौथ्या हिश्श्याहून मोठी ठेवता येत नाही. चोरीची कमाल तीन वर्षं, म्हणून इथे मर्यादा नऊ महिन्यांची.

यातली एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. पूर्ण दंड भरताच सुटका होते, पण अर्धामुर्धा भरला तरी त्या प्रमाणात दिवस कमी होतात. पोरगा आत गेला आणि विसाव्या दिवसाआधी माय दोन हजार भरून आली, तर उरलेले एक हजार म्हणजे दंडाचा तिसरा हिस्सा. साठाचा तिसरा हिस्सा वीस. वीस दिवस संपताच त्याला सोडावं लागतं. मात्र अटकेनंतर तो आधी पंधरा दिवस कोठडीत असेल, तर ते दिवस या कैदेतून वजा होत नाहीत. वजावट फक्त कैदेच्या मूळ शिक्षेतून मिळते.

पैसे त्या दिवशी खिशात नसतील तरी लगेच आत जावं लागेल असं नाही. नुसता दंड झालेला असेल तर कोर्ट तीस दिवसांची मुदत देऊ शकतं, किंवा दोन-तीन हप्ते पाडून देऊ शकतं. पहिला हप्ता तीस दिवसांत, पुढचे तीस-तीस दिवसांच्या आत. त्यासाठी बंधपत्र लिहून द्यावं लागतं, आणि मुख्य म्हणजे हे आपण मागावं लागतं. शिक्षा वाचून झाल्यावर "साहेब, हप्ते पाडून द्या" एवढं म्हणायला घाबरून, त्याच दिवशी सावकाराकडून पाच टक्के महिन्याने पैसे उचललेली माणसं मी पाहिली आहेत.

कैद भोगून दंड बुडवता येईल असा हिशेब कोणी करत असेल, तर त्यातही मेख आहे. शिक्षा झाल्यापासून सहा वर्षं दंड वसूल करता येतो, जंगम माल जप्त करून किंवा जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा. पूर्ण कैद भोगली असेल तर साधारणपणे वसुलीचा वॉरंट निघत नाही, पण कोर्टाला खास कारण लिहून तो काढता येतो. दंडातून कोणाला नुकसानभरपाई द्यायची असेल तेव्हाही काढता येतो.

दुसऱ्या पारड्यात सामुदायिक सेवा. कायद्यातली तिची व्याख्या एका वाक्याची आहे: कोर्टाने सांगितलेलं, समाजाच्या उपयोगाचं काम, ज्याचा मोबदला मिळत नाही. कुठलं काम आणि किती तास, हे संहिता सांगत नाही, ते कोर्टाच्या आदेशात येतं. म्हणून आदेशाची प्रत घेताना जागा, वेळ, एकूण दिवस आणि हजेरीवर सही कोणाची हे स्पष्ट लिहिलंय का ते बघायचं. संदिग्ध आदेशात माणूस काम करतो, कागद मात्र तयार होत नाही. आणि सेवा केली नाही तर तिच्याबद्दलही कैद आहेच, दंडासारखी.

खर्च नाही म्हणून ती फुकट वाटते, तशी नाही. वेचणीच्या दिवसांत किलोमागे दहा रुपये धरले आणि पोरगा दिवसाला पन्नास किलो वेचत असेल, तर दिवसभराच्या सेवेने पाचशे बुडतात. सहा दिवसांत तीन हजार, म्हणजे तो दंडच. सकाळी दोन तासांची सेवा मिळाली तर मजुरी वाचते, म्हणून वेळ कोर्टाकडून मागून घ्यायची. लाजेचं मात्र मोल करता येत नाही. त्याच गावात त्याच शाळेचं पटांगण झाडणं आणि तालुक्याला सरकारी दवाखान्याच्या आवारात झाडणं, यात माझ्या मते मोठा फरक आहे. मायचा तो चौकातला झाडू उगाच नव्हता.

नोंदीच्या बाबतीत दोन्ही सारखेच. सेवेची शिक्षा झालेलाही दोषीच असतो. भरतीच्या अर्जात "कधी शिक्षा झाली का" असा रकाना असतो, आणि तिथे "नाही" लिहिणं ही पुढची मोठी चूक ठरते.

म्हणूनच मी तिसरा मार्ग आधी मागतो, ज्याकडे लोकांचं लक्षच जात नाही. अपराधी परिवीक्षा अधिनियम १९५८. कलम ३ मध्ये नुसती ताकीद देऊन सोडता येतं, आणि त्या यादीत चोरी नाव घेऊन आहे. कलम ४ मध्ये तीन वर्षांपर्यंतच्या चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडतात, जामीनदारासह किंवा त्याच्याशिवाय. कलम १२ प्रमाणे दोषी ठरल्यामुळे कायद्याने येणारी अपात्रता अशा माणसाला लागत नाही. दोषसिद्धी पुसली जात नाही, पण दंड किंवा सेवेच्या मानाने हे बरंच हलकं. एकवीस वर्षांखालच्या आरोपीला तर कारण लिहिल्याशिवाय कैदेत पाठवताच येत नाही. बंधपत्र मोडलं तर मूळ गुन्ह्याची शिक्षा समोर उभी राहते. पहिल्याच चुकीला कोर्ट पन्नास रुपयांपर्यंतच्या दंडावरही भागवू शकतं. १९५८ चे पन्नास रुपये, अजून तेवढेच.

सगळ्यांत चांगलं म्हणाल तर तडजोड. साधी चोरी मालकाच्या संमतीने मिटते आणि तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटण्याचा असतो. पण तो मालकाच्या हातचा निर्णय. आमच्या शेतमालकाला मी दोनदा भेटलो. "आज याले सोडलं तं उद्या अख्खं गाव माह्या वावरात येईन," म्हणाले. त्यांचंही खोटं नव्हतं.

दारू पिऊन रस्त्यात धिंगाणा घालणाऱ्यांचं गणित निराळं, तेही थोडक्यात. न्याय संहितेच्या कलम ३५५ खाली चोवीस तासांपर्यंत साधी कैद, हजारापर्यंत दंड किंवा सामुदायिक सेवा. यवतमाळात गुन्हा एवढ्यावर राहू शकतो. वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे, तिथे दारूबंदी कायदाही लागतो आणि त्या कायद्यात सामुदायिक सेवा ही शिक्षाच नाही. नदी ओलांडली की वकिलाचं उत्तर बदलतं.

पोराच्या प्रकरणात आम्ही अठ्ठावन्न किलोंवर अडून राहिलो. वजनकाट्याची चिठ्ठी आणि त्या दिवशीचा बाजार समितीचा भाव दिला. चार हजार साठ ही किंमत कोर्टाने धरली. कापूस मालकाला परत मिळालेलाच होता. मी आधी ताकीद, ती नाही तर बंधपत्र, ते नाही तर सेवा असा अर्ज केला. दंडाधिकाऱ्यांचं म्हणणं पडलं की अशा चोरीला संसदेने सेवाच नेमून दिली आहे, तर ती सोडून ताकीद का द्यावी. हा मुद्दा मला पूर्ण पटलेला नाही, पण तो बिनबुडाचाही नव्हता. बारा दिवस, रोज सकाळी सात ते नऊ, तालुक्याचा दवाखाना.

शेवटी हजेरीचा कागद आला तेव्हा त्यावर अकराच सह्या होत्या. एका दिवशी सही करणारा कर्मचारीच रजेवर होता आणि पोरगा आवार झाडून तसाच घरी गेला होता. त्या एका कोऱ्या रकान्यासाठी अर्ज लिहिला, सोबत दवाखान्याचं पत्र जोडलं, आणि तेरावी सकाळ मागून घेतली.