बिल अडवायचं कुठे: एकाक्षरी ब्लॉक, नावानिशी होल्ड की एक्सेलचं रजिस्टर?

चाकणच्या एखाद्या कारखान्यात हमखास दिसणारी एक केस घेऊ. पुरवठादार भोसरीचा, लघुउद्योग म्हणून नोंदलेला. पीओ 1000 खोक्यांची, दर 42 रुपये. माल 3 जूनला आला, पण 40 खोकी भिजलेली निघाली म्हणून स्टोअरने जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, 960 ची केली. बिल मात्र आलं 1000 खोक्यांचं, तेही 44 रुपये दराने. म्हणजे बिल 44,000 रुपयांचं, आणि आपल्या हिशेबाने द्यायचे 40,320 (जीएसटी बाजूला ठेवू). फरक 3,680 रुपये. त्यातले 1,760 भिजलेल्या 40 खोक्यांचे आणि 1,920 दरातल्या दोन रुपयांचे. बिल एक, भांडणं दोन. पहिलं स्टोअरकडून सुटेल, दुसरं पर्चेसकडून.

आता हे बिल सॅप, ओरॅकल आणि एक्सेल अशा तिन्ही ठिकाणी टाकून पाहू.

सॅपमध्ये बिल नोंदवायच्या MIRO ला बिल टाकलं की मर्यादेबाहेरचा फरक पकडून सिस्टिम पेमेंट ब्लॉक लावते, `R`. आपण हाताने अडवलं तर बहुधा `A`. खाचखळगा असा की ब्लॉकची जागा एका अक्षराची आहे. संख्येचा आणि दराचा तपशील बिलाच्या ओळींवर वेगवेगळा असतो, पण पेमेंटची यादी काढणाऱ्याला दिसतं ते फक्त `R`. ते कोणाकडे अडकलंय, पुरवठादाराला कळवलंय की नाही, हे त्या अक्षरात मावत नाही. जमेची बाजूही मोठी आहे. पर्चेसने पीओतला दर बदलला किंवा बदली माल जीआरएनला चढला की अडलेली बिलं सोडवणारा MRBR चालवल्यावर मिटलेलं कारण आपोआप सुटतं. कोणाच्या आठवणीवर काही अवलंबून नाही. पण आपल्या केसमध्ये दर बदलायचाच नाही आणि बदली मालही मागायचा नाही. पुरवठादाराकडून क्रेडिट नोट हवी आहे. तिची वाट पाहणं सॅपच्या दृष्टीने कुठलीच घटना नाही, त्यामुळे `R` नुसता बसून राहतो.

सॅपच्या OB27 या सेटिंगमध्ये ब्लॉकची स्वतःची अक्षरं तयार करता येतात. ती करायची तर चुकीच्या प्रकारावरून करू नका, पुढची हालचाल कोणाची आहे त्यावरून करा: एक अक्षर स्टोअरचं, एक पर्चेसचं, एक ‘पुरवठादाराच्या कागदाची वाट’ यासाठी. तिथेच एक खूण असते, पेमेंट प्रपोजलमध्ये, म्हणजे पैसे सोडण्याआधीच्या यादीत, ब्लॉक बदलता येईल की नाही याची. ती काढून टाका. नाहीतर पेमेंटच्या दिवशी घाईत कोणीतरी प्रपोजलमधूनच ब्लॉक काढतो आणि 44,000 निघून जातात.

ओरॅकल पेयेबल्समध्ये एकाच बिलावर अनेक होल्ड एकत्र राहू शकतात, प्रत्येकाचं नाव वेगळं. आपल्या बिलावर `Qty Rec` आणि `Price` हे दोन्ही लागतील, आणि एक सुटला तरी दुसरा पैसे अडवून धरील. स्वतःच्या नावाचा होल्डही तयार करता येतो. या केसला ही रचना जास्त बसते, कारण दोन भांडणांना दोन धागे मिळतात. तोटा एवढाच की होल्डची नावं फार सहज वाढतात. वीस-पंचवीस नावं झाली की लोक यादीतलं पहिलं नाव निवडतात, आणि मग होल्डच्या रिपोर्टचा भरवसा उरत नाही. सात-आठच्या पुढे जाऊ नये असं माझं मत.

एक्सेलचं रजिस्टर अनेकांना मागासलेलं वाटतं. मला वाटत नाही. अडलेली बिलं महिन्याला पंचवीस-तीसच असतील तर प्रश्न कोणी विचारला, कोणाला, कधी, उत्तर काय आलं हे रजिस्टरइतकं स्वच्छ कुठेच दिसत नाही. पण रजिस्टर पैसे अडवत नाही. म्हणून नुसतं रजिस्टर ठेवून ब्लॉक न लावणं ही सगळ्यात महाग पडणारी पद्धत. याची नेहमीची वाट अशी: बिल अडलंय म्हणून पुरवठादाराचा माणूस तेच बिल क्रमांकापुढे ‘/R’ लावून पुन्हा पाठवतो. संदर्भ क्रमांक जुळत नाही, म्हणून डुप्लिकेटची तपासणी गप्प बसते. नवं बिल कोरं, त्याला रजिस्टरमध्ये ओळ नाही, आणि ते सरळ पेमेंटला जातं. ओळखायचं कसं? त्याच पुरवठादाराची, त्याच पीओची, त्याच रकमेची दोन बिलं उघडी दिसतात का, हे पेमेंटच्या आदल्या दिवशी पाहायचं.

निवड करताना लोक विसरतात ती गोष्ट तारखांची. होल्ड हा आपल्या घरातला मामला आहे, त्याने कायद्याचं घड्याळ थांबत नाही. एमएसएमईडी कायदा, 2006 च्या कलम 15 प्रमाणे सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे माल स्वीकारल्यापासून ठरलेल्या मुदतीत द्यायचे, आणि ठरलेली मुदत 45 दिवसांहून जास्त असू शकत नाही. लेखी ठरलेलं नसेल तर 15 दिवसच. स्वीकाराचा दिवस म्हणजे माल आल्याचा दिवस. अपवाद असा की माल आल्यापासून 15 दिवसांच्या आत स्वीकाराबद्दल लेखी आक्षेप घेतला, तर पुरवठादार तो दूर करील तो दिवस धरतात. आपल्या केसमध्ये या आक्षेपाच्या पत्राची शेवटची तारीख 18 जून. ते गेलं नाही तर `Qty Rec` कितीही दिवस लागलेला असो, 45 दिवसांच्या कराराची मुदत 18 जुलैला संपते. आणि हा आक्षेप मालाच्या स्वीकाराबद्दलचा आहे. दोन रुपयांच्या वादावर त्याचा आधार घेऊन संपूर्ण बिल रोखायला मी तरी धजावणार नाही.

म्हणून अंतर्गत प्रश्न आणि पुरवठादाराशी चाललेला प्रश्न यांना दोन वेगळ्या अवस्था द्या. ‘स्टोअरकडून उत्तर हवंय’ ही पहिली, ‘पुरवठादाराला लेखी कळवलं’ ही दुसरी, आणि दुसरीत जाताना पत्राची तारीख भरल्याशिवाय पुढे जाता येऊ नये. ओरॅकलमध्ये हे दोन होल्डनी होतं, सॅपमध्ये दोन अक्षरांनी. तारीख मात्र दोन्हीकडे शेऱ्यात किंवा रजिस्टरमध्येच लिहावी लागते. म्हणूनच मी सांगेन, ब्लॉक सिस्टिममध्ये, तारखा आणि संवाद रजिस्टरमध्ये, आणि दोघांना बांधणारा बिलाचा दस्तऐवज क्रमांक. बिलं शंभराच्या वर गेली तर होल्डवर वर्कफ्लो लावण्याचा खर्च वसूल होईल; त्याखाली ती हौस आहे.

3,680 साठी 40,320 अडवून ठेवण्याचा प्रश्न उरतोच. दोन्ही सिस्टिम असा ब्लॉक संपूर्ण बिलाला लावतात. सॅपमध्ये बिल नोंदवतानाच ‘इन्व्हॉइस रिडक्शन’ निवडता येतं: मूळ बिल 44,000 ला नोंदतं, फरकाची वजावट वेगळ्या दस्तऐवजाने होते, पुरवठादाराला कळवायचं पत्रही निघतं, आणि उरलेले पैसे वेळेवर जातात. हे पत्र 18 जूनच्या आत बाहेर पडलं तर लेखी आक्षेपही त्यातच लिहिता येतो. ओरॅकलमध्ये हेच डेबिट मेमोने साधतं.

वाद मिटला असं कधी धरायचं? ‘साहेब, पुढच्या बिलात पाहू’ हा फोन म्हणजे मिटणं नव्हे. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम 34 खालची क्रेडिट नोट पुरवठादाराने द्यायची असते. आपली डेबिट नोट आपल्या खात्यापुरती, तिने त्याचा कर कमी होत नाही. होल्डचा शेवटचा धागा ती नोट हातात आल्यावरच सोडावा. भोसरीवाल्याची 1,760 ची नोट बहुधा लगेच येईल, कारण भिजलेल्या मालाचे फोटो आहेत. 1,920 च्या नोटेसाठी पर्चेसला आधी आठवावं लागेल की 44 चा दर फोनवर कोणी कबूल केला होता.