चार आययूआय आणि एक आयव्हीएफ: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

नऊ महिन्यांत चार आययूआय आणि त्यानंतर एक आयव्हीएफ, एवढा वापर झाल्यावर हे लिहितो आहोत. आमचं काय झालं, कसं वाटलं, ते इथे मांडत नाही. मूल होण्यासाठीच्या या दोन्ही उपचारांत नेमकं काय करतात आणि कोणत्या जोडप्याने कुठून सुरुवात करावी, एवढंच लिहितो.

बरेच जण आययूआय म्हणजे आयव्हीएफची पहिली पायरी समजतात. तसं नाही. आययूआयमध्ये धुतलेले शुक्रजंतू बारीक नळीने थेट गर्भाशयात सोडतात आणि डॉक्टरांचं काम तिथे संपतं. पुढे अंडाशयातून बीज फुटून बाहेर पडणं, गर्भनलिकेने ते उचलणं, नलिकेतच त्याचं शुक्रजंतूशी मीलन होणं आणि तयार झालेला गर्भ सरकत गर्भाशयात येणं, हे सगळं शरीरालाच करायचं असतं. आयव्हीएफमध्ये बीजं बाहेर काढतात, नलिकेचं सगळं काम लॅब करते आणि तयार गर्भ गर्भाशयात सोडतात. म्हणून दोन्ही नलिका बंद असतील तर कितीही आययूआय करा, उपयोग नाही. पहिल्या आययूआयच्या आधी नलिकांची तपासणी, म्हणजे एचएसजी हा एक्स-रे किंवा त्याच कामाची सोनोग्राफी, झालेलीच हवी. पाळीच्या सहाव्या ते दहाव्या दिवसादरम्यान ती करतात. ‘आधी दोनदा करून बघू, मग तपासू’ असं कोणी म्हटलं तर तपासणी आधी मागा. आपल्याकडे गर्भाशय-नलिकांचा क्षयरोग हे नलिका बंद होण्याचं महत्त्वाचं कारण आहे आणि त्याची बाहेरून काहीच लक्षणं नसू शकतात.

आययूआयचं वेळापत्रक साधं असतं. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी, मग पाच दिवस लेट्रोझोल किंवा क्लोमिफीनच्या गोळ्या, नवव्या-दहाव्या दिवसापासून एक-दोन दिवसांआड फॉलिकलची, म्हणजे बीज ज्यात वाढतं त्या पिशवीची, मोजणी. फॉलिकल १८ ते २० मिलिमीटरचं झालं आणि गर्भाशयाचं अस्तर सात मिलिमीटरच्या वर गेलं की बीज फुटण्यासाठी ट्रिगरचं इंजेक्शन, आणि त्यानंतर साधारण ३६ तासांनी आययूआय. एकाऐवजी तीन-चार फॉलिकल वाढली तर जुळ्या-तिळ्यांचा धोका म्हणून ती सायकल सोडून द्यावी लागते. डॉक्टर असं सांगतात तेव्हा वाईट वाटतं, पण त्यांचं बरोबर असतं.

यातला सगळ्यात महत्त्वाचा तास लॅबमध्ये जातो आणि त्याकडे कोणी बघत नाही. वीर्याचा नमुना दिल्यावर तो पातळ व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. मग निमुळत्या नळीत दोन वेगवेगळ्या घनतेचे द्रव एकावर एक ठेवून त्यावर नमुना सोडतात आणि नळी यंत्रात फिरवतात. मेलेले, मंद शुक्रजंतू आणि बाकीचा कचरा वर अडकतो आणि चांगले पोहणारे तळाशी जमतात. तळाचा तो पांढुरका ठिपका पुन्हा धुऊन जेमतेम अर्धा मिलिलिटर द्रवात घेतात. तेवढंच आत जातं. न धुतलेलं वीर्य थेट गर्भाशयात गेलं तर त्यातल्या प्रोस्टाग्लॅंडिनमुळे जोरात कळा येतात आणि संसर्गाची भीती असते, म्हणून हे धुणं टाळता येत नाही.

धुतल्यानंतर किती हलणारे शुक्रजंतू हाती आले, हा आकडा दर वेळी मागून घ्या आणि वहीत लिहून ठेवा. आययूआय चालू ठेवायचं की थांबायचं, हे मुख्यतः याच आकड्यावर ठरतं. पाच मिलियनच्या वर असेल तर ठीक. एक मिलियनच्या खाली वारंवार येत असेल तर आययूआयमध्ये वेळ घालवण्यात अर्थ नाही. एक मिलियन म्हणजे दहा लाख. ऐकायला पुष्कळ वाटतात, पण नलिकेच्या टोकापर्यंत पोहोचतात ते मोजके.

नमुना देताना होणाऱ्या चुकांनी हा आकडा उगाच पडतो. आधीच्या वीर्यपतनापासून दोन ते पाच दिवसांचं अंतर ठेवा. दहा दिवस ‘साठवून’ गुणवत्ता वाढत नाही, उलट हालचाल कमी होते. साबण, थुंकी, तेल, साधा कंडोम यांपैकी काहीही वापरायचं नाही. घरून आणायचा असेल तर तासाभराच्या आत, डबी शर्टाच्या आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवून आणा. फ्रीजमध्ये किंवा बर्फात नाही. पहिला भाग सांडला तर संकोच न करता लॅबला सांगा, कारण सर्वांत जास्त शुक्रजंतू त्याच भागात असतात. आणि गेल्या दोन-तीन महिन्यांत मोठा ताप येऊन गेला असेल तर तेही सांगा. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे तापाचा परिणाम उशिरा दिसतो. एकाच रिपोर्टवर कधीही निर्णय घेऊ नये.

आता एक हिशेब करून बघू. समजा रिपोर्टमध्ये आहे: वीर्य २ मिलिलिटर, दर मिलिलिटरला १२ मिलियन, पुढे सरकणारे ३० टक्के. दोन गुणिले बारा म्हणजे २४ मिलियन, त्याचे ३० टक्के म्हणजे ७.२ मिलियन. धुतल्यावर यातले निम्म्याहून कमीच हाती येतात, म्हणजे अडीच-तीन मिलियन धरा. हा सीमेवरचा आकडा आहे, त्यामुळे फक्त हा कागद बघून काहीच ठरत नाही. पत्नी २९ वर्षांची, पाळी नियमित, नलिका मोकळ्या, बीजांचा साठा दाखवणारा एएमएच चांगला, लग्नाला दोन वर्षं, असं असेल तर तीन आययूआय करून बघणं योग्य. दर वेळची शक्यता दहा टक्के धरली तर तीनदा मिळून साधारण २७ टक्के होते. तेच पत्नी ३८ची असेल तर त्या तीन-चार महिन्यांची किंमत फार मोठी आहे. तिथे सरळ आयव्हीएफचं बोलावं, आणि रिपोर्ट असा असल्यामुळे बहुधा इक्सीसह, म्हणजे एकेका बीजात एकेक शुक्रजंतू सुईने सोडून. रिपोर्ट तोच, वयामुळे उत्तर उलटं. शेजारणीला तिसऱ्या आययूआयला दिवस गेले, यावरून आपलं ठरवू नये ते यासाठी.

आययूआय खरं शोभतं ते कुणाला? बीज वेळेवर फुटत नाही पण गोळ्यांनी फुटतं अशा पीसीओएसच्या तरुण मुलींना, शुक्रजंतू थोडेच कमी असणाऱ्यांना, संबंध नीट होत नाहीत अशा जोडप्यांना, नवरा जहाजावर किंवा परदेशी असून गोठवलेला नमुना ठेवून जातो तिथे, आणि दात्याचे शुक्रजंतू घ्यायचे असतील तेव्हा. संबंध होत नाहीत ही गोष्ट लोक डॉक्टरांपासून लपवतात आणि वर्षभर बाकीच्या तपासण्या करत बसतात. कृपया सांगा, अशा जोडप्यांत दोघांचंही बाकी सगळं ठीक असेल तर आययूआयचे निकाल चांगले येतात.

आयव्हीएफकडे थेट जावं ते दोन्ही नलिका बंद असतील तर, शुक्रजंतू फारच कमी असतील किंवा वृषणातून सुईने काढावे लागत असतील तर, एंडोमेट्रिओसिस, म्हणजे अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, पुढच्या टप्प्याचा असेल तर, एएमएच खूप खाली असेल किंवा वय अडतिशीकडे झुकलं असेल तर, आणि तीन-चार नीट झालेली आययूआय फसली असतील तर. ‘नीट झालेली’ हा शब्द महत्त्वाचा. फॉलिकल फुटलं की नाही ते नंतर सोनोग्राफीत पाहिलंच नाही, किंवा रविवार आला म्हणून आययूआय एक दिवस पुढे ढकललं, ती सायकल मोजू नका.

नलिकेत पाणी साचलेलं असेल, म्हणजे हायड्रोसॅल्पिंक्स, तर आयव्हीएफच्याही आधी तिचा बंदोबस्त करावा लागतो. ते पाणी उलट गर्भाशयात झिरपतं आणि गर्भ रुजण्याची शक्यता जवळपास निम्मी करतं. दुर्बिणीने ती नलिका काढणं किंवा क्लिप लावणं याला ‘आणखी एक ऑपरेशन’ म्हणून नकार देऊ नका.

आयव्हीएफची इंजेक्शनं आठ ते बारा दिवस रोज असतात, पोटात घेतात आणि घरी घेता येतात. मधूनच बीज आधी फुटू नये म्हणून दुसरं इंजेक्शन सुरू होतं. शेवटचं ट्रिगर ठरलेल्या मिनिटाला घ्यायचं, कारण बीजं काढायची वेळ त्यावरून ३४ ते ३६ तासांवर बांधलेली असते. रात्री साडेदहाचं इंजेक्शन बाराला घेतलं तर ते लगेच क्लिनिकला कळवा, म्हणजे वेळ पुढे घेता येते.

आम्हाला दोन्हींतला सर्वांत मोठा फरक इथे कळला. आययूआय फसलं की पाळी येते आणि कारण कळत नाही. बीज आणि शुक्रजंतू भेटले का, हेही कळत नाही. आयव्हीएफमध्ये दर टप्प्याला लॅबचा फोन येतो. समजा ११ फॉलिकल दिसली, ९ बीजं मिळाली, त्यातली ७ पक्व, दुसऱ्या दिवशी ५ फलित आणि पाचव्या दिवशी २ ब्लास्टोसिस्ट, म्हणजे तोवर नीट वाढलेले गर्भ. ही गळती नेहमीची आहे, घाबरायचं कारण नाही. पण बीजं पक्व असून एकही फलित झालं नाही, तर इतकी आययूआय का फसली त्याचा धागा मिळतो आणि पुढच्या वेळी इक्सी करता येतं. तिसऱ्या दिवसापर्यंत सगळे गर्भ छान आणि नंतर सगळेच थांबले, तर बीजांचा किंवा शुक्रजंतूंचा दर्जा तपासायला हवा. गर्भ उत्तम असूनही दोनदा रुजले नाहीत, तर लक्ष गर्भाशयाकडे वळतं. म्हणून प्रत्येक फोननंतर आकडा लिहून ठेवा आणि शेवटी लेखी अहवाल घ्या. डॉक्टर बदलायची वेळ आली तर तो फार कामाला येतो.

धोका सांगायचा तर पीसीओएसच्या मुलींमध्ये अंडाशय अति फुगण्याचा. बीजं काढल्यानंतर पोट ताठ होणं, वजन रोज किलोभर वाढणं, लघवी कमी होणं, धाप लागणं यांपैकी काहीही दिसलं तर रात्र असली तरी फोन करायचा. अशा वेळी सगळे गर्भ गोठवून ट्रान्सफर, म्हणजे गर्भ गर्भाशयात सोडणं, महिना-दोन महिन्यांनी करतात. त्याने निकाल बिघडत नाही.

दोन्हींमध्ये घरी गरोदरपणाची तपासणी करायची घाई नडते. एचसीजीचं ट्रिगर आठ-दहा दिवस लघवीत दिसू शकतं, त्यामुळे सातव्या दिवशीची दुसरी रेघ इंजेक्शनची असू शकते. गर्भ टिकावा म्हणून दिलेल्या प्रोजेस्टेरॉनमुळे छाती जड होणं, मळमळणं हेही होतं. आययूआयनंतर चौदाव्या दिवशी, आयव्हीएफनंतर क्लिनिकने दिलेल्या तारखेला रक्ताची बीटा-एचसीजी करा, आणि तोवर प्रोजेस्टेरॉन स्वतःहून बंद करू नका. आययूआयनंतर दिवसभर पडून राहायची गरज नाही.

क्लिनिक निवडताना एक तपासा. २०२१च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याखाली नोंदणी दोन स्तरांची आहे: पहिल्या स्तरावर फक्त आययूआय करता येतं, आयव्हीएफला दुसऱ्या स्तराची नोंदणी लागते. पहिल्या स्तराच्या ठिकाणी तुमची आययूआय चालू असतील तर पहिल्याच भेटीत विचारून घ्या की किती सायकलनंतर ते तुम्हाला पुढे पाठवतील, आणि उत्तर फायलीवर लिहून मागा. तीन किंवा चार असं उत्तर आलं तर ठीक. ‘बघू’ असं आलं, तर धुतल्यानंतरचे सगळे आकडे आणि एचएसजीची फिल्म घेऊन दुसरं मत घ्या.