पिअरसन की स्पिअरमन?

दोन गोष्टींमधला सहसंबंध मोजायला पिअरसनचा गुणांक घ्यावा की स्पिअरमनचा? समजा, सहा प्लॉटवर झाडांचं आच्छादन ५, १०, २०, ४०, ६०, ८० टक्के आहे आणि पक्ष्यांच्या प्रजाती अनुक्रमे ४, ९, १४, १७, १९, १८. आलेख काढला की दिसतं, प्रजाती आधी झपाट्याने वाढतात, मग वाढ मंदावते. पिअरसन सरळ रेषा शोधतो, म्हणून ०.८५ वरच थांबतो. स्पिअरमन फक्त क्रमांक बघतो. इथे शेवटच्या दोनच क्रमांकांची अदलाबदल झाली आहे; क्रमांकांतल्या फरकांच्या वर्गांची बेरीज Σd² = २, म्हणून स्पिअरमनचा गुणांक ρ = १ − ६Σd²/(n(n² − १)) = १ − १२/२१० = ०.९४. अशा वाकलेल्या नात्याला मी स्पिअरमनच वापरेन. मात्र दोन प्लॉटवर प्रजाती सारख्याच निघाल्या, तर त्यांना सरासरी क्रमांक द्यावा आणि हे छोटं सूत्र सोडून क्रमांकांवरच पिअरसन काढावा. अहवालात ρ सोबत प्लॉटची संख्या n = ६ लिहायलाच हवी. दर टक्क्यामागे किती प्रजाती वाढतात, हे ρ वरून सांगता येत नाही.